गुऱ्हाळ म्हणलं की सूर्यास्त का येतो

प्रश्न: "पोर्टफोलिओसाठी एआयनं चित्रं काढतोय. ब्युटिफुल, ट्रॅडिशनल, रिॲलिस्टिक, फोर के, सगळं लिहून झालं तरी चित्रं कॅलेंडरवरच्यासारखीच येतात. सर म्हणले, हे कुणाचंपण असू शकतं. प्रॉम्प्ट अजून मोठा करू का पैसे भरून चांगलं टूल घेऊ?"

भावा, आधी पैसे खिशात ठेव. टूल बदलून थोडा फरक पडतो, नाही असं नाही, पण तू जे चार शब्द लिहिलायस त्यातनं एकाही शब्दाचं चित्र काढता येत नाही, आणि खरा घोळ तिथं आहे. ब्युटिफुल कसं दिसतं? ट्रॅडिशनलचा रंग कुठला? हे तू ठरवलं नाहीस म्हणून टूलनं ठरवलं, आणि टूल कायम जे सगळ्यात जास्त वेळा बघितलंय तेच ठरवतं.

मी कोल्हापुरात शाहूपुरीत गेली वीसएक वर्षं डिझाईन आणि छपाईचं काम करतोय. गुळाची पाकिटं, चटणी-मसाल्याची लेबलं, लग्नपत्रिका, मधी एक काळ नुसते फ्लेक्स. तीनेक वर्षं झाली ही चित्राची टूलं पण वापरतोय, काही पैसे देऊन, काही स्वतःच्या कॉम्प्युटरवर. तुझं काम कुठल्या विषयाचं आहे ते तू लिहिलं नाहीस, आणि त्यावर बरंच अवलंबून आहे, म्हणून एका पोरीची गोष्ट सांगतो जिच्यासोबत मी हे सगळं बसून बघितलंय. त्यातलं तुला लागेल ते घे.

दोन वर्षांमागं डिसेंबरात माझ्याकडं एक पोरगी आली, अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या मामांचं पन्हाळ्याच्या रोडला गुऱ्हाळ. प्रोजेक्ट काय तर मामांच्या गुळाचं ब्रँडिंग, म्हणजे नाव, पाकीट, आणि पोर्टफोलिओत गूळ कसा होतो ते दाखवणारी पाच-सहा मोठी चित्रं. हातानं काढायला वेळ नव्हता म्हणून तिनं एआयवर चाळीसेक चित्रं काढून आणली होती आणि त्यातली कुठली घेऊ हे विचारायला आली होती. प्रॉम्प्ट साधारण असा:

```
beautiful traditional jaggery making in Indian village, realistic, 4k
```

चाळीसच्या चाळीस बघितली. एका बाईनं भरजरी साडी नेसलीय, अंगावर दागिने, पुढ्यात मातीचं मडकं, हातात लाकडी पळी, आणि बाई हसतीय. मागं सूर्य मावळतोय. ताडाची झाडं. गुळाचे तुकडे असे चौकोनी, एकसारखे, बेकरीतल्या केकसारखे. काही चित्रांत बाईच्या जागी पांढरी दाढी आणि भगवा फेटा घातलेला म्हातारा. बस, एवढंच, फिरून फिरून. चित्र म्हणून वाईट नव्हती बरं का, चकाचक होती. मी तिला एकच विचारलं, की खालचं नाव झाकून हे मधाच्या बाटलीवर लावलं तर चालंल का? थोडा वेळ बघत बसली आणि म्हणली, "चालंल की ओ." राजस्थानच्या तुपाला? "ते बी चालंल." मग मामांच्या गुऱ्हाळाला का चालवायचं?

ती वैतागली. म्हणली, "एवढं सगळं लिहिलोय की ओ दादा, रिॲलिस्टिक पण लिहिलोय." (आमच्याकडं पोरीपण असंच बोलतात, बाहेरच्यांनी हसू नये.)

आता इथं मी तिला फ्लेक्सची गोष्ट सांगितली, तुलापण सांगतो, कारण यापेक्षा सोपं मला सांगता येत नाही. वाढदिवसाचा फ्लेक्स करायला पोरं यायची. काय पायजे? "भारी पायजे." कसं भारी? "एकदम उठावदार, नादखुळा." मग ऑपरेटर काय करणार? त्याच्या फोल्डरमधली गेल्या महिन्यात सगळ्यात जास्त चाललेली फाईल उघडणार, पिवळ्यातनं लाल होत जाणारा बॅकग्राउंड, मागं किरणं, एका कोपऱ्यात वाघ नाहीतर सिंह, मधी फोटो. त्यात त्याची चूक काय? त्याला माणसानं काही सांगितलंच नाही, आणि "भारी" म्हणणाऱ्या शंभरातल्या नव्वद पोरांना तेच आवडलंय हे त्याला माहीत आहे. पण एखादा आला आणि म्हणला की आज्जीची पंच्याहत्तरी आहे, तिची नऊवारी हिरवी आहे तोच हिरवा घ्या, फोटो दारातल्या तुळशीपाशी काढलेला आहे, अक्षर बारीक चालंल, तर तोच ऑपरेटर, तोच कॉम्प्युटर, पण फ्लेक्स वेगळा. फोल्डरमधलं काही चाललंच नाही ना मग.

चित्राचं टूल म्हणजे असाच ऑपरेटर, फक्त फोल्डर अवाढव्य. इंटरनेटवरची चित्रं आणि त्या चित्रांखाली लिहिलेल्या ओळी अशा जोड्या दाखवून त्याला शिकवलेलं असतं. २०२२ साली लायन-५बी नावाचा असा एक साठा खुला झाला, त्यात साधारण ५८५ कोटी जोड्या, आणि त्यातला इंग्रजीचा भाग २३० कोटींच्या वर. स्टेबल डिफ्युजन या चित्राच्या टूलच्या सुरुवातीच्या मॉडेलांचं शिक्षण त्याच इंग्रजी भागातनं निवडलेल्या चित्रांवर झालं, आणि शेवटी शेवटी तर मशीननं "दिसायला छान" असे मार्क दिलेली चित्रं वेगळी काढून त्यावर घासूनपुसून घेतलं. आता विचार कर, इंटरनेटवर ट्रॅडिशनल, इंडियन, व्हिलेज असं ज्या फोटोंखाली लिहिलेलं असतं ते फोटो कुणी काढलेले असतात? पर्यटनवाल्यांनी, विकायला ठेवणाऱ्यांनी. गुऱ्हाळात चिपाड सारणारा माणूस आपला फोटो काढून त्याखाली इंग्रजीत ओळ लिहीत बसत नाही.

हे मी मनचं सांगत नाही. रेस्ट ऑफ वर्ल्ड या पत्रकारांच्या संस्थेनं २०२३ मध्ये मिडजर्नी या चित्राच्या टूलला नुसतं "एक भारतीय माणूस" एवढं सांगून शंभर चित्रं काढून बघितली होती. जवळजवळ सगळीकडं दाढीवाला म्हातारा, आणि बहुतेकांच्या डोक्याला फेटा नाहीतर पगडी. तिच्या चित्रातला भगव्या फेट्याचा म्हातारा असल्याच सवयीतनं आलेला.

अजून एक गोष्ट आहे जी लोक सांगत नाहीत. हे टूल सुरुवात करतं ती नुसत्या मुंग्या-मुंग्यांपासनं, जुन्या टीव्हीवर केबल गेल्यावर यायच्या तशा, आणि पायरी पायरीनं त्या मुंग्या साफ करत चित्र काढतं. बऱ्याच टूलात प्रत्येक पायरीला ते दोन अंदाज करतं, एक तुझे शब्द वाचून आणि एक शब्द न वाचता, आणि दोन्हीतला जो फरक येतो तो मुद्दाम वाढवून शब्दाच्या बाजूला ओढतं. किती ओढायचं त्याचा एक आकडा असतो, स्टेबल डिफ्युजनवाल्या टूलात त्याला सीएफजी म्हणतात आणि तो बऱ्याचदा सात-साडेसातला लावून दिलेला असतो. आकडा वाढवला की चित्र शब्दाला जास्त चिकटतं पण चित्रा-चित्रातला वेगळेपणा कमी होतो, रंग भडक होतात. म्हणजे बघ, शब्द मोघम असला तर ते कुणाच्या बाजूला जोर लावून ओढणार? त्या मोघम शब्दाच्या सगळ्यात ठळक, सगळ्यात घासलेल्या चित्राच्या बाजूला. म्हणून चाळीस चित्रं काढून चाळीस वेळा तीच बाई. आकडा तीनवर आणला की बाई जरा बदलते, पण तीनवर कधी कधी मडकंपण वितळायला लागतं, त्यामुळं तो काही उपाय नव्हे.

चॅटमध्ये लिहून चित्र काढणारी काही टूलं तर तुझी ओळ आधी स्वतःच लांबवतात, तू "सुंदर गुऱ्हाळ" लिहिलंस की आतल्या आत पाच ओळींचं वर्णन तयार करतात आणि मग चित्र काढतात. त्यामुळं तुला वाटतं प्रॉम्प्ट छोटा असला तरी चालतोय. चालतोय, पण मोकळ्या जागा तू नाही भरल्यास, दुसऱ्यानंच भरल्या.

तर मी तिला म्हणलं, कॉम्प्युटर बंद कर आणि उद्या सकाळी सहाला मामांकडं जा. सीझन चालूच होता. वहीत फक्त डोळ्याला दिसतं तेच लिहायचं, "छान", "जुनं", "पारंपरिक" असला एक पण शब्द नको. तिला ते बालिश वाटलं, पण गेली.

परत आली ती दोन पानं भरून. मला त्यातलं अजून आठवतंय. शेड पत्र्याचं, भिंती विटांच्या, आतनं काळ्या झालेल्या. काहील म्हणजे पातेलं नव्हे, जमिनीलगत बसवलेली लोखंडी उथळ परात, माणसाच्या उंचीपेक्षा रुंद. खाली चुलवाण, आणि चुलवाणाचं तोंड खड्ड्यात, तिथं एकजण बसून वाळलेलं चिपाड सारत राहतो, त्यामुळं उजेड वरनं नाही, खालनं येतो. वाफ एवढी की समोरचा माणूस कमरेपर्यंत दिसत नाही. रसावर मळी येते ती झाऱ्यानं काढतात, रस साफ व्हायला भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी टाकतात. बाई आत एकपण नव्हती, बाया बाहेर चिपाड वाळत घालत होत्या. बाप्ये बनियनवर, खांद्याला टॉवेल. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, थोडा पाक पाण्यात टाकून बोटानं गोळी होते का बघतो, झाली की काहील उचलून वाफ्यात, म्हणजे गार करायच्या पसरट जागेत, ओततात, हलवून हलवून गार करतात आणि कापड घातलेल्या बादलीसारख्या साच्यात भरतात. सूर्य? "सूर्य पत्र्याच्या फटीतनं येत होता, पांढरट, वाफेत त्याच्या काड्या दिसत होत्या."

हे शेवटचं वाक्य वाचून मी तिला चहा पाजला.

आता इथं लोक जी चूक करतात तीच तिनं केली, आणि तू विचारलायस ना मोठा करू का, तर त्याचं उत्तर हेच. दोन पानं इंग्रजीत करून तिनं सगळी एका दमात टाकली. दोनशेच्या वर शब्द. आलं काय? एक काहील, त्यात चार माणसं उभी, मळी आणि वाफ आणि कापड सगळ्याचा काला, आणि बादली आलीच नाही. आम्ही वापरत होतो ते जुनं स्टेबल डिफ्युजन, त्यातला शब्द वाचणारा भाग एका वेळी ७७ तुकडेच घेतो, सुरुवात-शेवटाचे दोन सोडून ७५, आणि इंग्रजीतला एखादा अनोळखी शब्द दोन-तीन तुकड्यांचा होतो. पुढचं काही प्रोग्रॅम कापून टाकतात, काही दुसऱ्या खेपेला घेतात. नवीन टूलं लांब वाक्यं बरीच बरी वाचतात, पण त्यांना सुद्धा एका फ्रेममध्ये गूळ होण्याचे सहा टप्पे मागितले तर घोळच होणार, कारण ती सहा चित्रं आहेत, एक नव्हे. प्रॉम्प्ट मोठा असणं आणि नेमका असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिला मी म्हणलं, एक चित्र म्हणजे एक क्षण. आत्ता फक्त उकळी.

दुसरी गंमत नावाची झाली. तिनं काहीलला सरळ `kahil` लिहिलं. टूलनं एका दाढीवाल्या देखण्या बाप्याचा फोटो काढून दिला, त्याला ते कुणाचं तरी नाव वाटलं. आम्ही दोघं लई हसलो. पण शिकण्यासारखं आहे, आपल्या कामाची नावं त्या साठ्यात असतीलच असं नाही, तर नाव न लिहिता वस्तूचा आकार, माप, धातू आणि ती कशावर बसलीय ते लिहायचं. कोल्हापुरी चपलेला तरी थोडं ओळखतं, काहील, चुलवाण, वाफा हे ओळखत नाही. तू कुठल्या कामावर करतोयस माहीत नाही, पण तुझ्या विषयातला शब्द आधी एकटा टाकून बघ, काय येतं ते. तो शब्द टूलला कळतोय का हे एका मिनिटात कळतं.

मग असं झालं:

```
wide shallow round iron pan set at floor level over a furnace,
full of boiling dark gold syrup, thick white steam,
inside a brick shed with soot-black walls and tin roof
```

बाई गेली. सूर्यास्त गेला. दोन्ही "नको" असं न लिहिता गेले, हे बघ. कारण आत म्हणलं, पत्रा म्हणलं, काळ्या भिंती म्हणलं की सूर्यास्ताला जागाच उरत नाही. याच्या आधी तिनं "no woman, no clay pot" असं वाक्यातच लिहून बघितलं होतं तर मडकी वाढली होती, कारण या जुन्या मॉडेलांना "नको" नीट कळत नाही, मडकं हा शब्द आला एवढंच कळतं. नको असलेलं लिहायला काही टूलात वेगळा रकाना असतो, त्याला निगेटिव्ह प्रॉम्प्ट म्हणतात, तिथं "नाही" न लावता नुसत्या वस्तू लिहायच्या. पण तो शेवटचा हातोडा, आधी जागा भरून घे.

तरी चित्र अजून निर्जीव होतं, वाफ होती पण उजेड सगळीकडं सारखा, फोटो स्टुडिओत काढल्यासारखा. मग तिच्या वहीतली ती काड्यांची ओळ आणि खालनं येणारा उजेड घातला, आणि बघणारा कुठं उभा आहे ते:

```
two men in white vests, towels on shoulders, stirring with long
paddles; orange firelight from below, pale morning light in
thin rays through gaps in roof; wide view from the doorway
```

हे दुसरं वाक्य पहिल्याला जोडायचं. आता जे आलं ते बघून ती एकदम गप्प झाली. बरोबर होतं असं नाही, एका माणसाला टॉवेलच्या जागी दोरी दिली होती, पण त्या चित्राखालचं नाव झाकलं तरी ते मधाच्या बाटलीवर लावता आलं नसतं.

इथपर्यंत यायला आम्ही जी पद्धत वापरली ती सांगतो, कारण नुसते प्रॉम्प्ट कॉपी करून तुझा काही उपयोग नाही. सुरुवातीच्या त्या मुंग्यांना एक नंबर असतो, सीड म्हणतात. सीड तोच ठेवला आणि बाकी काही बदललं नाही तर त्याच टूलात जवळपास तेच चित्र परत येतं. म्हणून सीड पक्का करायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सीड मोकळा ठेवून लोक शब्द बदलत बसतात, चित्र चांगलं आलं तर ते शब्दानं आलं का नशिबानं हे कळतच नाही. (काही चॅटवाल्या टूलात सीड हाताला लागत नाही, तिथं एका प्रॉम्प्टची चार-चार चित्रं काढून चारीत काय सारखं आहे ते बघायचं. जे चारीत सारखं, ते तुझ्या शब्दानं आलंय नाहीतर साठ्याच्या सवयीनं. शब्द काढून परत चार काढलीस की कुठल्यानं ते कळतं.)

आम्ही तिचा पहिला प्रॉम्प्ट घेऊन हीच परीक्षा उलट्या बाजूनं केली. सीड तोच, आणि एक एक शब्द काढत गेलो. `4k` काढला, म्हणण्यासारखं काही बदललं नाही, म्हणजे तो शब्द फुकट बसला होता. `realistic` काढला, थोडं चित्रासारखं झालं, फोटोसारखं कमी. `beautiful` काढला आणि बाईच्या अंगावरचे दागिने गेले! चेहऱ्याचा मेकअप गेला. म्हणजे ब्युटिफुल हा शब्द गप्प बसला नव्हता, तो चांगलं काम करत होता, पण गूळ सुंदर करायचं सोडून बाईला नटवत होता. `traditional` काढल्यावर मडकं जाऊन स्टीलचं पातेलं आलं. त्या दिवशी तिला जे समजलं ते मी तासभर बोलून पण समजावू शकलो नसतो. तूपण तुझे चार शब्द असे काढून बघ, अर्ध्या तासाचं काम आहे. माझ्या सीडला, माझ्या मॉडेलला जे झालं तेच तुझ्याकडं होईल असं नाही, पण कुठला शब्द कामाचा आणि कुठला नुसता पाहुणा ते कळंल.

फोटोवाली भाषा, म्हणजे लेन्सचा आकडा वगैरे, याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. लोक अठ्ठावीस एमएम, अमुक कॅमेरा असलं ढीगभर लिहितात. अठ्ठावीस लिहिल्यावर चित्र थोडं रुंद होतं, पण "दारातनं बघितलेलं" लिहिल्यावर जास्त नेमकं होतं, आणि मुख्य म्हणजे ते तुझ्या डोक्यात आधी होतं. नावाजलेल्या चित्रकाराचं नाव टाकून स्टाईल उचलायची तर मी सांगणारच नाही. पोर्टफोलिओ तुझा आहे, त्यात दुसऱ्याचा हात दिसला तर तुझा कुठं दिसणार.

आता जिथं हे सगळं करूनपण हात टेकले ते पण सांगतो. साच्यात कापड घालून गूळ भरायचं चित्र शेवटपर्यंत आलं नाही. कापड यायचं, बादली यायची, पण कापड बादलीवर झाकल्यासारखं, नाहीतर बादलीच कापडाची. गुळव्याच्या बोटावरची गोळी तर विसरच, बोटं सहा नाहीतर चार. शब्दानं सगळं होत नाही, जी गोष्ट साठ्यात जवळजवळ नाहीच ती कितीपण नेमकी लिहिली तरी टूल जवळची दुसरी गोष्ट आणून बसवतं. हे ओळखायची खूण अशी की तू वर्णन सुधारत जातोस आणि चूक तीच राहते, फक्त जागा बदलते. तसं पाच-सहा वेळा झालं की थांबायचं. मग एकतर स्वतः काढलेला फोटो टूलला देऊन त्यावरनं चित्र करून घ्यायचं, नाहीतर हातानं काढायचं. तिनं साच्याचा फोटो मोबाईलवर काढून तोच ठेवला आणि गुळव्याचा हात पेन्सिलनं काढला. पाकिटावर गुळाचं मराठी नाव टूलनं लिहावं म्हणून तिनं एकदा बघितलं, देवनागरीच्या जागी किडे-मुंगळे आले. तेव्हाच्या मॉडेलांची ती गत होती. ते अक्षर आम्ही नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये बसवलं, आणि तूपण अक्षर वेगळंच बसव.

आणि पोर्टफोलिओत प्रत्येक चित्राखाली लिही, फोटो कुठला, एआयचं कुठलं, हातानं काढलेलं कुठलं. तिनं लिहिलं होतं आणि एका पानावर तर पहिलं सूर्यास्तवालं चित्र, मधलं काळं शेड, आणि शेवटचं असं तिन्ही ओळीनं लावून खाली तिन्ही प्रॉम्प्ट छापले होते. परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच पानावर घालवला असं ती म्हणली. तुझ्या कॉलेजात एआय चालतं का नाही, किती चालतं, ते आधी विचारून घे, ते मी इथनं सांगू शकत नाही.

तुझा विषय इथं खाली लिही, आणि जाऊन बघून आलेल्या दहा गोष्टी लिही, मग पहिला प्रॉम्प्ट आपण मिळून करू.

हां, एक राहिलं. छापून झाल्यावर ती ते मोठं काहिलीचं चित्र मामांना दाखवायला घेऊन गेली. मामांनी चष्मा लावून नीट बघितलं, वाफ बघितली, उजेड बघितला, मान हलवली, आणि म्हणले, "झ्याक आलंय. पर आमच्या काहिलीला कड्या चार हैत बाळ, हितं दोनच दिसत्यात. उचलायची कशी मग?" दुसऱ्या दिवशी ती परत माझ्या दुकानात, आणि प्रॉम्प्टात `four iron ring handles` असं लिहून आम्ही बसलो, अकरा चित्रं झाली तरी कड्या कधी तीन यायच्या, कधी पाच. शेवटी तिनं उरलेल्या दोन कड्या ब्रशनं स्वतः काढल्या.